दुपारच्या बैठकीतला फिका पडदा

प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. तो फक्त उजेड टाकू शकतो. काळ्या अक्षराच्या जागी तो उजेड टाकायचे थांबवतो, एवढेच. त्यामुळे जिथे काळे दिसायला हवे तिथे पडदा खोलीतल्या उजेडात मुळात जसा दिसतो तसाच दिसत राहतो. रात्री दिवे मालवले की पांढराशुभ्र पडदासुद्धा काळा भासतो आणि चित्र उठून दिसते. दुपारी तीन वाजता, खिडक्या उघड्या आणि ट्यूबलाइट चालू असताना, तोच पडदा पांढराच असतो. ताळेबंदातले बारीक आकडे त्यात विरून जातात, आलेखातली लाल आणि नारिंगी रेघ एकसारखी दिसते, आणि फोटोतल्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही.

अशा वेळी दोष प्रोजेक्टरच्या माथी मारला जातो. मग जास्त ल्युमेनचा नवा प्रोजेक्टर येतो, किंवा ‘दिवसा चालणारा’ म्हणून महागडा पडदा बसवला जातो. या दोन्ही गोष्टींची कधीकधी खरोखर गरज असते. पण बऱ्याच खोल्यांमध्ये त्या क्रम चुकवून घेतल्या जातात. आधी पडद्यावर नको असलेला उजेड किती पडतो ते मोजायचे, मग तो कुठून येतो ते पाहायचे, जमेल तेवढा अडवायचा, आणि जो उरेल त्याच्या दिशेवरून पडद्याचा पृष्ठभाग ठरवायचा.

मोजण्यासाठी लक्समीटर नावाचे हातात मावणारे साधे उपकरण मिळते. मोबाइलमधल्या उजेड मोजणाऱ्या ॲपचा आकडा तितका भरवशाचा नसतो, पण पडदा उघडा आणि बंद असताना किती फरक पडला हे कळण्यापुरता चालतो. मापक धरण्याची पद्धत मात्र महत्त्वाची आहे. दिवाबत्तीचे काम करणारे लोक तो टेबलावर आडवा ठेवतात, कारण त्यांना वाचण्यापुरता उजेड मोजायचा असतो. आपल्याला तो पडद्याला टेकवून, तोंड खुर्च्यांकडे करून, उभा धरायचा आहे. प्रोजेक्टर बंद ठेवून, बैठकीच्या वेळी असतात तेवढे दिवे लावून येणारा आकडा म्हणजे खोलीचा उजेड. अंधार झाल्यावर, दिवे मालवून, प्रोजेक्टरमधून कोरी पांढरी स्लाइड टाकून येणारा आकडा म्हणजे प्रोजेक्टरचा उजेड. पडद्याच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांजवळ मोजून सरासरी काढावी, कारण कोपऱ्यांत प्रोजेक्टरचा उजेड जवळपास नेहमीच कमी असतो आणि खिडकीकडच्या बाजूला खोलीचा उजेड जास्त असतो.

दोन्ही आकड्यांची बेरीज करून तिला खोलीच्या उजेडाने भागले की पांढऱ्या आणि काळ्यातला फरक किती पट उरतो ते कळते. दृकश्राव्य क्षेत्रातल्या इन्फोकॉम या संस्थेने २०११ मध्ये यासाठी एक मानक प्रसिद्ध केले. नुसते वर वर पाहायचे असेल तर किमान ७ पट, आकडे-मजकूर वाचून निर्णय घ्यायचे असतील तर १५ पट, बारीक तपशील तपासायचे असतील तर ५० पट आणि चित्रपटासारखे पाहायचे असेल तर ८० पट, असे त्याचे टप्पे आहेत. दिवसाच्या बैठकीसाठी १५ हे लक्ष्य धरावे. त्याहून पुढे जाण्याचा खर्च सहसा वसूल होत नाही.

एक नेहमीची खोली घेऊ. पुण्यातल्या एखाद्या कार्यालयात असते तशी: वीस फूट लांब, चौदा फूट रुंद, वीस फुटांच्या पश्चिमेकडच्या भिंतीत दोन खिडक्या, आणि चौदा फुटांच्या भिंतीवर शंभर इंची मॅट पांढरा पडदा. प्रोजेक्टर छताला टांगलेला, खोक्यावर ३५०० ल्युमेन लिहिलेले. पण तो वीज वाचवण्याच्या इको मोडवर चालतो, म्हणजे प्रत्यक्षात अडीच हजारांच्या आसपास देतो. शंभर इंची पडद्याचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर भरते. ल्युमेनला क्षेत्रफळाने भागले की लक्स मिळतात, म्हणून प्रोजेक्टरचा उजेड साधारण ९०० लक्स. दुपारी तीनला खिडक्या उघड्या, दिवे चालू असताना पडद्यावर खोलीचा उजेड ६२० लक्स आहे असे धरू. बेरीज १५२०, भागिले ६२०, म्हणजे अडीच पटसुद्धा नाही. तक्रार रास्तच आहे.

इथे प्रोजेक्टरची ताकद दुप्पट केली तर काय होईल? १८०० आणि ६२०, भागिले ६२०, म्हणजे चार पटींच्या खालीच. याउलट खोलीचा उजेड ९० लक्सवर आणला, तर जुनाच प्रोजेक्टर ११ पट फरक देतो. आधी उजेड अडवा असा माझा आग्रह आहे तो या हिशेबामुळे.

खिडकीपासून सुरुवात करू. बहुतेक कार्यालयांत फिक्या रंगाचे कापडी पडदे असतात. त्यांच्यावर थेट ऊन पडले की ते कापडच उजळते आणि सगळ्या खोलीभर प्रकाश पसरवते. काचेवर लावायची दुधी फिल्म हा आणखी फसवा उपाय आहे. तिच्यातून बाहेरचे दिसत नाही, म्हणून उजेड अडला असे वाटते. पण ती उजेड अडवण्यापेक्षा विखुरते. आधी जे ऊन फरशीवर एका चौकोनात पडत होते ते आता पडद्यापर्यंत पोहोचते. जाळीदार कापडाच्या रोलर ब्लाइंडला ‘पाच टक्के’, ‘तीन टक्के’ असे आकडे असतात. विणीतल्या भोकांनी कापडाचा किती भाग मोकळा आहे, ते हा आकडा सांगतो. उत्तरेकडच्या खिडकीला, जिथे थेट ऊन क्वचितच येते, हे कापड छान चालते. पश्चिमेच्या खिडकीला नाही. भर उन्हाचा उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो; तो तिरपा येतो, काचेत थोडा कमी होतो हे धरले तरी त्याचे पाच टक्के काही हजार लक्स होतात.

पश्चिमेला हवा तो मागून लेप दिलेला पूर्ण अपारदर्शक, ‘ब्लॅकआउट’ म्हणून विकला जाणारा रोलर ब्लाइंड. त्यातही कापडापेक्षा कडा जास्त त्रास देतात. ब्लाइंड खिडकीच्या चौकटीच्या आत बसवला की दोन्ही बाजूंना ब्रॅकेटच्या जाडीएवढी फट राहते आणि तिच्यातून उन्हाची उभी पट्टी आत येते. ती मागच्या बाजूच्या फरशीवर पडली तर फारसे बिघडत नाही. पडद्यावर किंवा त्याच्या शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर पडली तर सगळी मेहनत वाया जाते. ब्लाइंड चौकटीच्या बाहेर, भिंतीवर दोन्ही बाजूंना चार-चार इंच पुढे येईल असा बसवावा, नाहीतर कडांना खाचेची पट्टी लावून कापड तिच्यात सरकते ठेवावे. उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड मी या कामाला सुचवणार नाही, कारण पंख्याचा वारा लागला की पट्ट्या हलतात आणि उजेड पडद्यावर नाचतो.

दिशेबरोबर ऋतूही पाहावा लागतो, आणि इथे पुष्कळ खोल्या फसतात. पुण्याच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीतून मध्यान्हीला ऊन येतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बाराला क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवरच असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून चांगला आत शिरतो. जूनमध्ये तपासून ‘ब्लाइंडची गरज नाही’ असे ठरवलेली दक्षिणमुखी खोली हिवाळ्यात निकामी होते. पश्चिमेच्या खिडकीला ही सूट नसते. पावसाळी ढग सोडले तर तिथे दुपारनंतर ऊन असतेच.

आपल्या खोलीत फिके पडदे ओढल्यावर आकडा ६२० वरून ३५० वर आला, म्हणजे साडेतीन पट. त्यांच्या जागी कडा झाकणारे ब्लॅकआउट ब्लाइंड आले आणि तो २०० वर उतरला, म्हणजे साडेपाच पट. उरलेले २०० जवळजवळ सगळे दिव्यांचे आहेत.

दिव्यांच्या बाबतीत अडचण असते ती वायरिंगची. खोली लांबट असली की इलेक्ट्रिशियन बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने दिव्यांच्या दोन ओळी करतो आणि प्रत्येकीला एक स्विच देतो. मग एक स्विच बंद केला तरी दुसऱ्या ओळीतला पडद्याजवळचा दिवा जळतच राहतो, आणि दोन्ही बंद केले तर कोणालाच टिपणे काढता येत नाहीत. ओळी पडद्याला समांतर हव्यात: पहिली ओळ पडद्यालगतची, दुसरी टेबलावरची, तिसरी मागची, प्रत्येकीला स्वतंत्र स्विच. पडद्यापासून चार-पाच फुटांत येणारा कोणताही दिवा बैठकीत बंद करता आला पाहिजे. फॉल्स सीलिंगमधले दोन फूट बाय दोन फुटांचे एलईडी पॅनेल सगळीकडे उजेड पसरवतात, त्यामुळे ते दूर असले तरी पडद्याला भिडतात. टेबलावर खोल बसवलेले, अरुंद झोताचे डाउनलाइट लावले तर कागद दिसतो आणि पडद्याला फारसा धक्का लागत नाही. आपल्या खोलीत पहिली ओळ बंद करता आल्यावर आकडा ९० लक्सवर आला. प्रोजेक्टर तोच, पडदा तोच, आणि फरक ११ पट.

आता १५ पर्यंत पोहोचायला चित्र लहान करणे हा एक मार्ग उरतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. शंभर इंचांचे चित्र चौऱ्याऐंशी इंचांवर आणले की क्षेत्रफळ सत्तर टक्के राहते आणि तोच उजेड दाटून साधारण १२७५ लक्स होतो. १२७५ आणि ९०, भागिले ९०, म्हणजे १५ पट. मोठे चित्र कमी करायला लोक नाखूश असतात, पण वाचता येणे हे चित्राच्या उंचीवर ठरते. शेवटची खुर्ची चित्राच्या उंचीच्या सहा पटींपेक्षा दूर नसावी, असा या व्यवसायातला जुना ठोकताळा आहे. चौऱ्याऐंशी इंची चित्र साडेतीन फुटांच्या जवळपास उंच असते, म्हणजे वीस फुटांपर्यंत चालेल. आपली शेवटची खुर्ची सतरा फुटांवर आहे. ज्यांना चित्र लहान करायचे नसेल त्यांनी दिवसाच्या बैठकीपुरता इको मोड काढून पाहावा. पंख्याचा आवाज वाढतो, पण उजेडही वाढतो. प्रोजेक्टर दिव्याचा असेल तर खोक्यावर लिहिलेले दिव्याचे आयुष्य म्हणजे तो निम्म्या उजेडावर येईपर्यंतचा काळ असतो, हेही ध्यानात ठेवावे.

एवढे झाल्यावर पडद्याच्या पृष्ठभागाकडे वळण्यात अर्थ आहे. साधा मॅट पांढरा पृष्ठभाग आलेला उजेड सगळ्या दिशांना जवळपास सारखा पसरवतो. कोपऱ्यातल्या माणसालाही समोरच्याइतकेच चित्र दिसते, आणि म्हणूनच उजेड आटोक्यात आलेल्या खोलीत यापेक्षा चांगला पडदा नाही. याचा ‘गेन’ १ धरतात. १.३ किंवा १.८ गेनचे पडदे उजेड निर्माण करत नाहीत. बाजूला जाणारा उजेड काढून तो समोर पाठवतात. समोर बसलेल्याला चित्र जास्त उजळ दिसते, बाजूच्याला कमी, आणि मध्यभागी एक प्रखर ठिपका दिसू लागतो. चकचकीत व्हाइटबोर्डचा पडदा म्हणून वापर केला की हाच दोष टोकाला जातो: प्रोजेक्टरच्या भिंगाचे प्रतिबिंबच डोळ्यात येते.

करड्या पडद्याबद्दल मोठा गैरसमज आहे. करडा पडदा काळे गडद करतो हे खरे, पण तो पांढरेही तेवढेच मंद करतो. ०.८ गेनचा पडदा प्रोजेक्टरचे ९०० आणि खोलीचे ६२० या दोन्ही आकड्यांना ०.८ ने गुणतो. भागाकार जसाच्या तसा राहतो. त्याचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. पडद्यावरून परतलेला उजेड पांढऱ्या भिंतींवर, छतावर आणि गुळगुळीत फरशीवर आपटून पुन्हा पडद्यावर येतो. ही फेरी करड्या पडद्याने कमी होते. म्हणजे अंधार करता येणाऱ्या पण पांढऱ्या भिंतींच्या खोलीत तो कामाचा. खिडकीतल्या उजेडावर तो औषध नाही.

खोलीचा उजेड नाकारणारे म्हणून विकले जाणारे पडदे, ज्यांना दुकानात ‘एएलआर’ म्हणतात, ते वेगळ्या तत्त्वावर चालतात. ते उजेडाची दिशा ओळखतात. त्यांचा एक प्रकार कॅरमच्या कडेवर आपटलेल्या स्ट्रायकरसारखा वागतो: उजेड ज्या कोनातून आला त्याच कोनातून दुसऱ्या बाजूला जातो. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचा उजेड वरून येतो, म्हणून तो खाली खुर्च्यांकडे जातो. डावीकडच्या खिडकीचा उजेड उजव्या भिंतीकडे निघून जातो, पडद्यालगतच्या दिव्याचा फरशीकडे. दुसरा, बारीक काचमण्यांचा प्रकार उजेड आला त्याच वाटेने परत पाठवतो. प्रोजेक्टर टेबलावर, माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर असेल तर हा उत्तम. छताला असेल तर चांगला उजेड छताकडेच परत जातो.

आता हे सगळे आपल्या खोलीत मांडून पाहू. पहिल्या प्रकारचा पडदा बाजूचा आणि वरचा उजेड निम्मा करतो असे धरले, तर ९० लक्सचा परिणाम ४५ एवढाच राहील, आणि शंभर इंची चित्रावरही फरक २१ पट होईल. छान. पण हाच पडदा उघड्या खिडक्यांच्या मूळ खोलीत लावला असता, तर ६२० चे ३१० झाले असते आणि फरक चार पटींच्या जरा खालीच राहिला असता. ब्लाइंड आणि एका स्विचने जे साधले ते हा महाग पडदा एकट्याने साधत नाही. शिवाय त्याच्या अटी असतात. प्रोजेक्टर फार जवळून टाकला की मध्य उजळ आणि कडा काळपट होतात. म्हणून अशा पडद्यांचे निर्माते साधारणपणे चित्राच्या रुंदीच्या दीडपट तरी अंतर मागतात. बाजूच्या खुर्च्यांवरून चित्र मंद दिसते.

एका परिस्थितीत मात्र यातला कोणताच पडदा कामी येत नाही: खिडकी खुर्च्यांच्या मागे, पडद्याच्या बरोबर समोर असेल तेव्हा. तो उजेड प्रोजेक्टरच्याच दिशेने येतो, त्यामुळे पृष्ठभागाला दोघांत भेद करता येत नाही. तिथे खिडकी झाका, नाहीतर पडद्याची भिंत बदला. माझा कौल खिडक्यांच्या भिंतीशी काटकोनात असलेल्या भिंतीला, आणि तीही खिडकीपासून लांबच्या टोकाला.

पडद्याच्या अगदी खाली ठेवून चालवायच्या अतिजवळच्या प्रोजेक्टरसाठी करवतीच्या दातांसारख्या आडव्या सूक्ष्म रेषांचे पडदे असतात. प्रत्येक दाताची खालची बाजू उजेड परतवते, वरची काळी बाजू छतावरच्या दिव्यांचा उजेड गिळते. खालून येणाऱ्या चित्रासाठी ही रचना फार सुरेख आहे. पण असा पडदा छताला टांगलेल्या प्रोजेक्टरसमोर बसवला, तर तो प्रोजेक्टरलाच छतावरचा दिवा समजतो आणि चित्र काळवंडते. दोन्ही प्रकार एएलआर याच नावाने विकले जात असल्याने हा घोळ होतो. मागणी नोंदवताना ‘प्रोजेक्टर वरून आहे की खालून, आणि किती अंतरावरून’ हे लेखी द्यावे.

आणि विकत घेण्याआधी कागदाच्या पानाएवढे दोन-तीन नमुने मागावेत. ते सकाळच्या सोयीच्या वेळी न पाहता दुपारी तीन-चारला, आपल्याच खोलीत, आपल्याच प्रोजेक्टरच्या चित्रात, जुन्या पडद्यावर चिकटवून पाहावेत. आधी मध्यभागी, मग खिडकीकडच्या वरच्या कोपऱ्यात, कारण दिशा ओळखणारा पृष्ठभाग मध्यावर जसा दिसतो तसा कोपऱ्यात दिसत नाही. स्लाइडवर काळी बारीक अक्षरे, एक माणसाचा चेहरा आणि एक पूर्ण पांढरा भाग असावा. चेहऱ्यावर चमचम किंवा वाळूसारखी कणी दिसते का, पांढऱ्यात मध्य उजळ दिसतो का, हे समोरून पाहून झाल्यावर सगळ्यात कडेच्या खुर्चीत बसून तेच पुन्हा पाहावे. त्या खुर्चीवरून नमुना जुन्या मॅट पडद्यापेक्षा मंद वाटला, तर तो घेऊ नये, मग विक्रेता समोरून कितीही चांगला दाखवो.

खिडक्या झाकायच्याच नाहीत असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांनी प्रोजेक्टरवर आणखी पैसे घालू नयेत. दहा-बारा माणसांच्या खोलीत शहाऐंशी इंची एलईडी पॅनेल हेच तिथे योग्य उत्तर आहे, कारण त्याचा काळा भाग मुळातच गडद असतो. तेही खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावू नये. त्याच्या काचेत खिडकीचे प्रतिबिंब दिसते.